सप्लायरकडे संप, आता कस्टमरला काय लिहायचं?

"सर, आम्ही व्हॉल्व्ह विकतो. सप्लायरच्या फॅक्टरीत संप सुरू झालाय. एका कंपनीला १५ तारखेला २०० नग द्यायचेत, हातात ८०च आहेत. फोर्स मेजर लिहून मोकळं होऊ का? आणि ते ८० पाठवून देऊ का?"

दोन्ही आत्ता करू नका. आधी पीओमधला फोर्स मेजरचा क्लॉज काढून वाचा, कारण त्यात नुसता संप हा शब्द असून भागत नाही, कोणाचा संप ते बघावं लागतं. बऱ्याच क्लॉजमध्ये विक्रेत्याच्या स्वतःच्या कारखान्यातला संपच येतो, सप्लायरचा नाही. आणि इतक्या दिवसांत लेखी कळवा अशी मुदत असेल तर ती आजच मोजा. क्लॉजच नसेल तर करार कायद्याचं कलम ५६ उरतं, पण ते अशक्य झालेल्या कामासाठी आहे. तोच व्हॉल्व्ह दुसरीकडे महाग का होईना मिळत असेल तर कोर्ट त्याला अशक्य म्हणणार नाही.

आता ते ८०. मालविक्री कायदा १९३०, कलम ३८ : आधी ठरलं नसेल तर हप्त्याहप्त्याने माल घ्यायला ग्राहक बांधील नाही. कलम ३७ प्रमाणे कमी माल आला तर तो सगळा परत करू शकतो, ठेवला तर ठरलेल्या रेटने त्याचे पैसे द्यायचे. म्हणजे न विचारता गाडी पाठवली आणि त्यांनी गेटवरूनच परत लावली तर दोन्हीकडचं भाडं तुमच्या डोक्यावर. दुसऱ्या मेकचा व्हॉल्व्ह परस्पर पाठवलात तरी तेच होईल.

म्हणून मेल साधा टाका :

"सप्लायरकडच्या संपामुळे १५ तारखेला पूर्ण २०० नग देता येणार नाहीत. (१) ८० नग १५ला, बाकी १२० संप मिटल्यावर, तारीख कळवू. (२) सोबतच्या डेटाशीटमधला पर्यायी मेक, रेट सोबत. (३) सगळे २०० एकत्र, उशिरा. कोणता पर्याय मान्य आहे ते १० तारखेपर्यंत लेखी कळवा. पुढची माहिती दर सोमवारी देऊ."

यात "माल देऊच शकत नाही" असं चुकूनही लिहू नका, करार कायद्याच्या कलम ३९ खाली ते करार पाळायला नकार धरला जाऊ शकतो आणि समोरचा १५ तारखेची वाट न बघता करार मोडू शकतो. संप कधी मिटेल हे तुम्हाला माहीत नाही, मग १२० ची तारीखही छातीठोकपणे देऊ नका.

सगळ्यात कामाचं आहे ते त्यांचं लेखी "हो". वेळ महत्त्वाची असलेल्या करारात करार कायद्याचंच कलम ५५ असं सांगतं, की ठरल्या वेळेनंतरचा माल कबूल करताना ग्राहकाने नुकसानभरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही तर नंतर ती मागता येत नाही. पण उत्तरात "ओके, आमचे हक्क राखून" असं आलं तर ते दार उघडंच आहे असं समजा, आणि मग दंडाचा क्लॉज किती टक्क्यांचा आहे ते काढून दुसऱ्या सप्लायरच्या महाग रेटशी ताडून बघा. कधी कधी महाग घेऊन वेळेत देणंच स्वस्त पडतं.