बडतर्फीची शिक्षा न्यायालय कधी बदलतं?

प्रश्न : वकीलसाहेब, मी कोल्हापूर जिल्ह्यात एका राज्य सरकारी कार्यालयात लिपिक होतो, नोकरी १४ वर्षं. वडील सीपीआर दवाखान्यात ॲडमिट असताना ५२ दिवस कामावर गेलो नाही. रजेचा अर्ज साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. हजर व्हा म्हणून दोन नोटिसा आल्या. दवाखान्याचे कागद ३४ दिवसांचे आहेत. विभागीय चौकशी होऊन मला बडतर्फ केलं. आदेशात 'यापूर्वीही दोनदा समज दिली होती' असं लिहिलंय, पण दोषारोपपत्रात ते नव्हतं. आदेश मिळून तीन आठवडे झाले. आता इथंच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, तर थेट तिथं रिट याचिका टाकून शिक्षा कमी होईल का?

उत्तर : रिट आत्ता टाकू नका. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने सेवेच्या वादात आधी 'मॅट'कडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने एल. चंद्रकुमार प्रकरणात १९९७ मध्ये ठरवून दिलं आहे. उच्च न्यायालयाची पायरी त्यानंतरची. आणि मॅटच्याही आधी तुमच्या हातात विभागीय अपील आहे. शिस्त व अपील नियम, १९७९ प्रमाणे त्याची मुदत ४५ दिवसांची, म्हणजे निम्मी जवळजवळ संपलीच.

अपिलावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. शिक्षा जास्त झाली का, हा प्रश्न अपील अधिकाऱ्यापुढे पूर्ण मोकळा असतो. 'मला ही शिक्षा जड वाटते' एवढ्यावर तो ती कमी करू शकतो. मॅट किंवा उच्च न्यायालयाला तसं करता येत नाही. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की शिक्षा ठरवणं हे खात्याचं काम. ती सद्‌सद्विवेकबुद्धीला धक्का देणारी असेल तरच न्यायालयाने हात घालावा. तेव्हाही बहुधा प्रकरण फेरविचारासाठी खात्याकडेच परत जातं. न्यायालय स्वतः शिक्षा ठरवतं ते क्वचित.

धक्का बसण्याजोगं म्हणजे काय, ते रणजित ठाकूर प्रकरणात दिसतं. कोठडीतल्या जवानाने दिलेलं जेवण खाल्लं नाही, म्हणून त्याला एक वर्षाची कैद आणि बडतर्फी! १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. उलट, दीर्घ गैरहजेरीसाठी केलेली बडतर्फी २०१४ मध्ये मुरली बाबू प्रकरणात कायम ठेवली. त्या कर्मचाऱ्याने वर्षाहून अधिक काळ दांडी मारली होती आणि वारंवार कळवूनही तो आला नव्हता. तुम्ही या दोन टोकांच्या मध्ये आहात.

तुमचे ५२ दिवस एकगठ्ठा मांडू नका. कृष्णकांत परमार प्रकरण (२०१२) सांगतं, की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झालं पाहिजे. नाइलाजाने झालेली गैरहजेरी गैरवर्तन ठरत नाही. दवाखान्याचे ३४ दिवस या चौकटीत नीट बसतात. उरलेल्या १८ दिवसांचं खरं कारण तारखांसह लिहा. डिस्चार्जनंतर घरी वडिलांजवळ दुसरं कोणी नव्हतं, असं काही असेल तर तसं. दोन नोटिसांना उत्तर का दिलं नाही, तेही टाळू नका. ही तुमची दुबळी बाजू आहे, आणि ती सोडली तर विरुद्ध बाजू नेमकी तिथंच बोट ठेवणार. व्हॉट्सॲपचा मेसेज तारीख, वेळ आणि निळ्या खुणांसकट छापून जोडा.

सर्वांत जोरकस मुद्दा त्या 'दोनदा समज'चा आहे. दोषारोपपत्राची जोडपत्रं पुन्हा वाचा, विशेषतः पहिलं आणि दुसरं. तिथं जुन्या समजेचा उल्लेख नसेल, आणि नंतरच्या कोणत्याही नोटिशीतही नसेल, तर त्यावर बाजू मांडायची संधीच तुम्हाला मिळाली नाही. मंचे गौडा प्रकरणात १९६३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की पूर्वीच्या वर्तनाच्या आधारे शिक्षा ठरवायची असेल तर ते कर्मचाऱ्याला आधी कळवलं पाहिजे. मात्र शिक्षा मूळ आरोपावरच उभी आहे, जुनी समज नुसती जाता जाता लिहिलीय, असं खात्याने दाखवलं तर हा मुद्दा ढिला पडतो. म्हणून आदेशातलं ते वाक्य जसंच्या तसं अपिलात उतरवा आणि शिक्षेचं कारण म्हणून तेच वापरलंय हे दाखवा.

मागणी करताना पायरीपायरीने करा. आधी आदेश रद्द करा. ते नाही तर वेतनवाढ रोखण्यासारखी हलकी शिक्षा द्या. तेही नाही तर निदान बडतर्फी काढून सक्तीची सेवानिवृत्ती करा. बडतर्फीने पुन्हा सरकारी नोकरीचं दारही सामान्यतः बंद होतं, म्हणून हा शेवटचा पर्यायही कमी मोलाचा नाही. मागचा सगळा पगार मिळेल असं मात्र धरून चालू नका.

अपील आवक शाखेत देऊन तारखेची पोच घ्या. सहा महिन्यांत निकाल आला नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एका वर्षाच्या आत मॅटकडे जाता येतं. निकाल विरुद्ध गेला तर वर्ष त्या आदेशापासून मोजायचं. कोल्हापूरची प्रकरणं मॅटच्या मुंबई पीठाकडे चालतात. तिथंही हरलात, तर मग रिट घेऊन इथल्या सर्किट बेंचकडे.