सरासरी सात तासांची झोप

"मॅडम, आठवड्याची सरासरी काढली तर मी रोज सात तास झोपतो. तरी सकाळी डोकं जड, सोमवारी तर विचारूच नका. तास भरतायत, मग वेळ इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं?"

तिशीतला, तब्येतीने ठणठणीत माणूस. त्यांना दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली आणि उठल्यावर डोकं हलकं व्हायला किती वेळ लागला.

वहीत सरासरी खरोखर सात तासच निघाली, पण ती अशी. सोमवार ते गुरुवार रात्री १२ ते सकाळी ६.३०, म्हणजे साडेसहा तास. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री २.३० ते ११.३०, नऊ तास. रविवारी बारालाच अंथरुणात, पण झोप लागायला दीड वाजायचा आणि गजर ६.३० चाच. म्हणजे पाच तास.

मी झोपेचा मध्य काढते. १२ ते ६.३० चा मध्य सव्वातीन, २.३० ते ११.३० चा सात. पावणेचार तासांचा फरक! दर शुक्रवारी लांबच्या देशात जाऊन रविवारी रात्री परतावं, तसा काहीसा प्रकार, फक्त विमानाशिवाय.

रविवारची झोप का लागत नव्हती, हे त्यांना कळत नव्हतं. झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणी झोपेची ओढ साठत जाते आणि अंगातलं घड्याळ रात्र कधी ते ठरवतं. रविवारी साडेअकराला उठलेला माणूस बारा वाजता जेमतेम साडेबारा तास जागा असतो. ओढ पुरेशी साठलेली नसते. त्यात दोन दिवस सकाळचा उजेड न मिळाल्याने घड्याळही मागे सरकलेलं. म्हणून सोमवारी गजर वाजतो तेव्हा शरीराच्या लेखी अजून बरीच रात्र उरलेली असते. त्या दिवशी डोकं हलकं व्हायला त्यांना दीड तास लागत होता, गुरुवारी चाळीस मिनिटं.

इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, सातही दिवस ६.३० ला उठा. त्यांनी इमानेइतबारे पाळलं आणि दहा दिवसांनी चिडूनच आले. सोमवार सुधारला होता, पण दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटत होते. साहजिकच होतं. झोपायची वेळ बाराच राहिली, म्हणजे रोज साडेसहा तास. आठवड्याला ४९ तास मिळत होते ते साडेपंचेचाळीसवर आले. मी वेळ नीट लावून दिली आणि झोप काढून घेतली.

नियमितपणाचा सध्या बराच बोलबाला आहे, आणि त्याला आधारही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या सुमारे साठ हजार लोकांच्या अभ्यासात मृत्यूच्या धोक्याशी झोपेच्या तासांपेक्षा नियमितपणाचा संबंध जास्त घट्ट दिसला. पण तो प्रश्न आयुष्याचा होता, सकाळी ताजंतवानं वाटण्याचा नव्हे. दुसरीकडे, २००३ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस रोज सहाच तास अंथरुणात राहू दिलं. वेळ अगदी ठरलेली, तरी त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस ढासळत गेली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला फारशी झोप येतेय असं वाटत नव्हतं. त्यामुळे "मला सवय झालीय" या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही.

माझ्या मते तासांची किमान पातळी आधी. बहुतेक प्रौढांना ती सातच्या आसपास किंवा थोडी वर लागते. ती रोजच्या रोज भरत असेल तर पुढचा फरक वेळेने पडतो. तुमचं काय बिनसलंय ते सुट्टीचा दिवस सांगतो. गजर नसताना तुम्ही नेहमीपेक्षा दोन-अडीच तास जास्त झोपत असाल, तर तास कमी पडतायत. तेवढेच तास झोपता पण उशिरा, तर वेळ घसरलीय. यांचं दोन्ही होतं.

मग उठण्याची वेळ तशीच ठेवून झोपायची वेळ तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अशी अलीकडे आणत सव्वाअकरावर नेली. सुट्टीच्या दिवशी ७.३० पर्यंत सूट, पण उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात. पाचव्या आठवड्यातली वही: कामाच्या दिवशी सव्वासात तास, सुट्टीला पावणेआठ. सरासरी वाढली जेमतेम पंचवीस मिनिटांनी, मध्यातला फरक मात्र पावणेचार तासांवरून पाऊण तासावर आला. डोकं हलकं व्हायला सोमवारीही वीस मिनिटं पुरू लागली.

वेळ आणि तास दोन्ही जागेवर असून महिनाभरात काहीच हललं नसतं, किंवा घरच्यांनी मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं सांगितलं असतं, तर मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

मध्ये एका शुक्रवारी ते लग्नघरी दोनपर्यंत जागले. शनिवारी आठला उठले, दुपारी वीस मिनिटं डुलकी काढली आणि रात्री अकरालाच आडवे झाले. वहीत त्या दिवसापुढे लिहिलं होतं, "सरासरी काढलेली नाही."