सार्वजनिक डीसी चार्जरची गन विद्युत गाडीला लावली की 'हँडशेक एरर' येते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. दोष गाडीचा की चार्जरचा?

चार्जिंग नेमके कोणत्या क्षणी तुटते, ते आधी पाहावे. कारण अनेक चार्जर सुरुवातीच्या कोणत्याही बिघाडाला 'हँडशेक एरर' हे एकच नाव देतात.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या एका सीसीएस-२ चार्जरवर माझ्या गाडीने गन स्वीकारली, कुलूप लागल्याचा 'खट्' असा आवाज झाला, आणि काही सेकंदांनी सत्र बंद पडले. पुन्हा लावल्यावरही तेच झाले. मदत क्रमांकावरील गृहस्थांनी माझ्या बॅटरीत विजेची गळती असल्याचे सांगून टाकले, आणि पुढे सर्व्हिस सेंटरमध्येही तेच ऐकवले गेले. ते मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

सुरुवातीला गाडी आणि चार्जर कंट्रोल पायलट या संदेशवहनाच्या तारेवरून एकमेकांना ओळखतात. तिथेच संवाद तुटला तर बहुधा कुलूप लागण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. कुलूप लागल्यानंतर चार्जर केबलमध्ये उच्च विद्युतदाब सोडून धन आणि ऋण वाहकांचे अर्थिंगपासूनचे इन्सुलेशन तपासतो. या तपासणीच्या वेळी गाडीतील बॅटरी जोडणारे-तोडणारे स्विच, म्हणजेच काँटॅक्टर, उघडे असतात, म्हणजे बॅटरी त्या परिपथात जोडलेलीच नसते. मग याच टप्प्यावर सत्र तुटत असेल, तर बॅटरीवर आरोप कोणत्या आधारावर करायचा? संशय घ्यायला उरतात ती केबल, गन आणि गाडीचा सॉकेट. मी त्याच यंत्राची दुसरी गन लावली आणि चार्जिंग सुरळीत झाले. त्यामुळे सॉकेटही संशयातून सुटला. पहिल्या गनची केबल जमिनीवर साचलेल्या पाण्यात पडलेली होती आणि तिचे आवरण गनच्या मुळाशी फाटलेले होते.

म्हणून आधी गन बदलून पाहावी. कुलूपच लागत नसेल, तर जड केबलने गन खाली ओढली जाते का ते बघावे: सीसीएस-२ मध्ये कुलपाची खीळ गाडीच्या बाजूला असते, आणि गन किंचित तिरकी बसली तरी ती खाचेत शिरत नाही. गनला हाताने खालून आधार देऊन ती सरळ दाबून धरावी. तरीही जमले नाही, तर गन काढून, गाडी कुलूपबंद करून काही मिनिटे थांबावे, म्हणजे तिचे नियंत्रक झोपी जाऊन पुन्हा नव्याने सुरू होतात.

मात्र दोन्ही गन नापास झाल्या, तर माझा युक्तिवाद लागू होत नाही. दोन्हींमागचे पॉवर मॉड्यूल एकच असू शकतात, किंवा सॉकेटमध्येच पाणी असू शकते. तेव्हा दुसऱ्या केंद्रावर पडताळणी करूनच सर्व्हिस सेंटरला जावे. पिना काळवंडलेल्या किंवा आवरण फाटलेले दिसले, तर ती गन वापरूच नये. तक्रार करताना सत्राची वेळ, गनचा क्रमांक आणि पडद्याचे छायाचित्र द्यावे, आणि 'कुलूप लागल्यानंतर तुटले' हे स्पष्ट लिहावे. एवढे लिहून दिल्यावर बॅटरीवर बोट ठेवणाऱ्याला काँटॅक्टरने बॅटरी तेव्हा जोडलेली होती का, याचे उत्तर द्यावेच लागेल.