चमत्कारातलं ‘चमत्’ आणि रीतभातीतला भात

“नोट्समध्ये लिहिलंय की रूपिका म्हणजे भाषेतला अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा. मग ‘क्रॅनबेरी’तल्या ‘क्रॅन’ला अर्थ काय?”
— बी.ए.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

सुटा असा काहीच नाही. ब्लूबेरी, ब्लॅकबेरी यांच्या शेजारी ठेवलं की ‘बेरी’ वेगळी निघते आणि ‘क्रॅन’ हातात उरतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्डने 1933 मध्येच हे उदाहरण दिलं होतं. मुळात हा शब्द जर्मन बोलीतून आला आणि त्यात करकोचा पक्षी होता, पण आज बेरी खाणाऱ्याला त्या पक्ष्याचा पत्ता नसतो.

मराठीत ‘रीतभात’ घ्या. ‘रीत’ सुटी वापरतो, ‘रीतसर’ म्हणतो. उरला ‘भात’, आणि तो ताटातला नव्हे. आपण वजाबाकी करून बघतो: रीतभातीच्या अर्थातून रीत काढली की जे उरेल तो भाताचा अर्थ. पण हे उत्तर पडताळायचं कशावर? तुकड्याचा अर्थ खरा की खोटा हे तो दुसऱ्या शब्दात भेटल्यावर कळतं, आणि हा भात दुसरीकडे भेटतच नाही. व्याख्येची अडचण इथे आहे. तुकडा पाडता येतो, अर्थ मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर चढवता येत नाही.

“काळाकुट्ट, गोडमिट्ट यांची शेपटं पण तसलीच का ओ?”
— गूळ व्यापारी, मार्केट यार्ड

दोन्ही दिसायला सारखी, पण जात वेगळी. गेल्या हंगामात गुऱ्हाळावर काकवी चाखताना शेजारचे काका म्हणाले, “गोडमिट्ट हाय.” मी विचारलं, मिट्ट म्हणजे काय? “मिट्ट म्हंजे मिट्ट!” अर्थ त्यांना सांगता आला नाही, पण ‘मिट्ट काळोख’ आपण म्हणतोच. म्हणजे दोन जागा झाल्या, आणि दोन्हीकडे त्याचं काम एकच, पराकोटी दाखवायचं. त्याला अर्थ आहे. ‘कुट्ट’ मात्र माझ्या कानावर काळ्याशिवाय कधी आलेला नाही. तुम्ही ऐकला असेल तर कळवा, मी ‘क्रॅन’सारख्या तुकड्यांच्या यादीतून त्याला काढून टाकीन.

“‘चमत्कार’मधलं ‘चमत्’ स्वतंत्र वापरात कुठेच दिसत नाही. मग चमत्कार हा अखंड शब्दच का मानू नये?”
— निवृत्त संस्कृत शिक्षक

सर, मलाही पूर्वी तसंच वाटायचं. ‘चमत्’ संस्कृतातही ‘कृ’ धातूचं बोट धरूनच येतं, आणि ‘कार’चाही एक अर्थ धरवत नाही. पुरस्कारात, बहिष्कारात ‘करणे’ ओढूनताणून बसवता येईल, पण ‘विकार’ म्हणताना कोण काय करतं?

तरीही हा शब्द मी तोडतो, आणि त्यासाठी अर्थाकडे बघत नाही. पुरस्काराचं पुरस्कृत, बहिष्काराचं बहिष्कृत, विकाराचं विकृत. तसंच चमत्काराचं चमत्कृत. आता ‘सरकार’ घ्या. शेवट तोच, पण ‘सरकृत’ कुणी म्हणेल? हा शब्द फारसीतून आलेला. त्यातलं ‘कार’ कानाला सारखं लागलं तरी वागायला वेगळं. चित्रकाराचंही ‘चित्रकृत’ होत नाही. म्हणजे ‘कार’ची ओळख त्याच्या वागण्यावरून पटते: जे ‘कृत’ होतं ते एका घरचं.

भाषाशास्त्रज्ञ मार्क अॅरोनॉफने 1976 मध्ये इंग्रजीवर हाच युक्तिवाद केला. पर्मिटचं पर्मिशन, सबमिटचं सबमिशन (हे तर कॉलेजची सगळी पोरं जाणतात), पण व्हॉमिटचं ‘व्हॉमिशन’ होत नाही. पर्मिट आणि सबमिट यांतल्या ‘मिट’ला समान अर्थ नाही, तरी बदल समान आहे. म्हणून रूपिकेला अर्थ असलाच पाहिजे ही अट त्याने सोडली; ओळखता येईल असं रूप आणि ठरावीक वागणूक पुरेशी मानली.

या कसोटीलाही मर्यादा आहे. बदलणारं रूप असेल तरच ती चालते. ‘चमत्’ स्वतः काहीच बदलत नाही. शेजारचं ‘कार’ ओळखता आलं म्हणून ते सुटं झालं. अखंड मानणारे त्यावर बोट ठेवतात, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत.

“मग कोल्हापुरातला ‘कोल्हा’ कोण?”
— शिवाजी पेठेतून

‘पूर’ सोलापूर-नागपूरमुळे लगेच सुटतो, आणि तो पंचगंगेचा पूर नव्हे. गंमत म्हणजे इथे रूपाची कसोटी फसते. कोल्हापुरात आणि महापुरात, दोन्ही ‘पुरात’च. इथे अर्थच बघावा लागतो. राहिला ‘कोल्हा’. आख्यायिका कोल्हासुर सांगते. प्राण्याबद्दल मला शंका आहे, कारण तो समासात शिरताना सहसा वाकतो: ‘कोल्हेकुई’ म्हणतो, ‘कोल्हाकुई’ नाही. पण एवढ्यावरून मी पैज लावणार नाही. गावाच्या नावाला अर्थ नसला तरी एसटी बरोबर स्टँडवर येते.