‘केलो’ खोडायच्या आधी

*ओळखीची मुलं निबंध किंवा नोकरीचा अर्ज व्हॉट्सअॅपवर नुसता पेस्ट करून पाठवतात. सोबत एक शब्द नसतो. चुका काढून देऊ, मत सांगू, की सरळ नव्यानं लिहून देऊ?*

हात लावायच्या आधी त्यालाच विचारा. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा मी विचारलं नाही आणि त्याचा फटका माझ्या विद्यार्थ्याला बसला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहावी होऊन बरीच वर्षं झालेल्या एका मुलानं पतसंस्थेतल्या क्लार्कच्या जागेसाठी लिहिलेला अर्ज पाठवला. त्यात एक वाक्य होतं: ‘मी दोन वर्ष पिग्मी गोळा करायचं काम केलो आहे.’ मी तासभर बसून अख्खा अर्ज नव्यानं लिहिला आणि या वाक्याच्या जागी घातलं, ‘वसुलीचा दोन वर्षांचा दांडगा अनुभव आहे.’ त्यानं विश्वासानं तसाच नेऊन दिला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, थकीत कर्जदाराकडं वसुलीला कसा जायचास? त्यानं कधी वसुली केलीच नव्हती. तो दुकानादुकानांतून रोजची ठेव गोळा करायचा. पैसे आणणं दोन्हीकडं आहे, पण ठेव आणि थकलेलं कर्ज यांत केवढा फरक! माझ्या एका शब्दानं तो पोरगा खोटा ठरला. नंतर म्हणाला, ‘सर, मला फक्त शुद्धलेखन बघून पाहिजे होतं.’

त्याच वाक्यावर तीन वेगळी कामं होऊ शकत होती. नुसत्या चुका काढायच्या तर ‘वर्ष’चं ‘वर्षे’, ‘करायचं’चं ‘करायचे’ आणि ‘केलो’चं ‘केले’ एवढंच. बाकी वाक्य त्याचं त्याच्याकडं. मत द्यायचं तर मी वाक्याला हात लावत नाही, समासात विचारतो: रोज किती खातेदार? हिशेब कुणाकडं द्यायचास? पावती तूच फाडायचास का? आणि नव्यानं लिहायचं तर या प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय लिहिताच येत नाही. ती नसतील तर आपण रिकाम्या जागा आपल्या मनानं भरतो, जशी मी ‘वसुली’ भरली.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे, तो म्हणजे हे ‘केलो’. ‘मी जेवण केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ असं इथं घराघरात बोलतात. कन्नडातही भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, त्यामुळं दोन्ही भाषा बोलणाऱ्याच्या कानाला यात काही खटकत नाही. अर्जात ते प्रमाण मराठीप्रमाणं ‘केले’ करायला हवं, याबद्दल मला शंका नाही. पण एका मुलीनं आजोबांवर निबंध पाठवला होता. त्यात आजोबा म्हणतात, ‘पोरी, शेतातली सगळी कामं मी एकटा केलो.’ तिथं तेच रूप सुधारलं असतं तर आजोबा एकदम बातम्या वाचायला लागले असते. मजकूर कशासाठी आहे हे कळल्याशिवाय चूक कोणती तेही ठरत नाही. निबंध स्पर्धेसाठी असेल तर नियमही विचारा. लेखन स्वतःचं हवं अशी अट असेल तर मी नव्यानं लिहून देत नाही.

विचारायचं कसं? ‘काय करू?’ असं विचारलंत तर ‘तुम्हीच बघा की सर’ असंच उत्तर येतं. मी आधी एकदा पूर्ण वाचतो आणि वाचल्याची खूण दिसेल असं लिहितो: ‘वाचलं. शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका आहेत. तेवढ्याच काढू, की कुठं कमी पडतंय तेही सांगू? की आपण दोघं बसून परत लिहूया? कुठं द्यायचंय आणि कधीपर्यंत?’ शेवटच्या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं. उद्या सकाळी द्यायचं असेल तर आज रात्री ‘मांडणीच बदल’ म्हणून त्याची झोप उडवण्यात अर्थ नाही.

मजकुरातही खुणा असतात. तारीख घालून खाली सही-नाव असेल तर बहुतेक चुकाच बघून हव्या असतात. ‘प्रति’च्या पुढं जागा कोरी असेल, शेवटचा परिच्छेद अर्धवट असेल तर मत हवं असतं. पण हा अंदाज आहे, म्हणून तोही मी बोलून दाखवतो.

उत्तर आलंच नाही आणि वेळ कमी असेल तर सगळ्यात लहान काम करा. फक्त चुका दुरुस्त करा, बदललेले शब्द ठळक करा, आणि त्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा खाली ठेवा, म्हणजे न पटलेला बदल त्याला परत फिरवता येतो. मोठी शंका असेल ती वेगळ्या ओळीत लिहा.

त्या मुलानं पुढं दुसरीकडं अर्ज केला, तेव्हा आम्ही दोघं शाळेच्या कट्ट्यावर बसलो. मी विचारत गेलो, तो सांगत गेला, आणि त्यानंच लिहिलं: ‘दोन वर्षे मी रोज साठ दुकानांतून पिग्मी गोळा करून संध्याकाळी हिशेब जुळवून देत होतो.’ मी त्यात एकही शब्द बदलला नाही.