मंगळवारची पोटदुखी आणि ‘बालवाडीचा पेपर’

“ताई, स्पेशल बीएडचं प्रेझेंटेशन आहे. डिस्लेक्सियावाल्या मुलासाठी धडा बदलायचा पण वर्गात त्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, यावर शेवटी सगळ्यांना विचारायला प्रश्न हवेत. काय विचारू?”

पहिला हा ठेव: हा कागद शेजारच्या बाकावरून वेगळा दिसतो का?

ऐरोलीचा पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला तो पोटदुखीमुळे, डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं आणि आईने कॅलेंडर बघून सांगितलं की मंगळवार-शुक्रवारीच दुखतं. त्या दिवशी परिसर अभ्यासचा तास. बाईंनी बिचाऱ्यांनी खपून त्याच्यासाठी पाण्याच्या चक्राची वेगळी वर्कशीट केलेली, वर हसणारा ढग आणि तीन-तीन शब्दांची वाक्यं. पोरं तिला ‘बालवाडीचा पेपर’ म्हणायची. दप्तराच्या तळाशी अशा सहा शीट चुरगाळलेल्या निघाल्या.

आणि बाष्पीभवन त्याला मस्त कळलेलं होतं, दोरीवरच्या ओल्या टॉवेलवरून त्याने मलाच समजावलं! अडायचं ते वाचताना. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, तिथे गोंधळ, जोडाक्षर आलं की गाडी थांबली, घ-ध, भ-म मध्ये अदलाबदल. म्हणून दुसरा प्रश्न: मुलाला विषय कळत नाहीये की छापलेलं वाचता येत नाहीये? वाचन अडत असेल तर आशय कशाला कमी करायचा, वाट बदलायची.

मग बाईंनी सगळ्या वर्गाला एकच शीट दिली. टाइप मोठा, ओळींत मोकळी जागा, अवघड शब्द वर चौकटीत, आणि उत्तर लिहा, बाण काढून दाखवा नाहीतर तोंडी सांगा. शुद्धलेखनाचे मार्क या विषयात कापायचे नाहीत. निम्म्या वर्गाने बाणच काढले, त्यात ह्याचे बाण कोणाच्या लक्षातही आले नाहीत. प्रकट वाचनाच्या चार ओळी त्याला आदल्या दिवशीच ठरवून द्यायच्या, आणि तयारी नसेल तर तो पेन्सिल बाकावर आडवी ठेवतो, बाई काही न बोलता पुढच्याकडे वळतात.

यात एक चूक माझीच झाली. लेखी कामाला शेजारचा हुशार मुलगा द्या असं मी सुचवलं. दोन आठवड्यांनी हा म्हणाला, “तो माझं उत्तर लिहीतच नाही, त्याचंच लिहितो.” मी त्याला आधी विचारलंच नव्हतं. तिसरा प्रश्न तुला मिळाला. आता बाई स्वतः लिहून घेतात, तो बोलेल तसंच, चुकलं तरी.

हां, एवढ्याने वाचन सुधारत नाही हे प्रेझेंटेशनमध्ये स्पष्ट सांग. अक्षर आणि आवाज जोडायचा सराव स्पेशल एज्युकेटर वेगळा घेतात. तो आधी पीटीच्या तासाला ठेवला होता, पोटदुखी लगेच पीटीच्या वारावर सरकली. आता शाळा सुटल्यावर घेतात.