पित्ताशयाचा रिपोर्ट हातात आल्यावर

सर, कमरेसाठी सोनोग्राफी केली त्यात पित्ताशयात १२ मिमीचा खडा निघाला, दुखत तर काहीच नाही, काढून टाकू का? (अमळनेर)

काका, आत्ता नका काढू. न दुखणारे खडे बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत, म्हणून नुसत्या रिपोर्टवर आम्ही ऑपरेशन सांगत नाही, खडा ३ सेंमीच्या वर असेल तर मात्र बोलावं लागतं. खड्याची कळ कशी असते ते लक्षात ठेवा. शेतात भरीत पार्टी झाली, तेल सुटलेलं भरीत न पुऱ्या दाबून खाल्ल्या आणि तासा-दोन तासानं छातीच्या खाली मधोमध नाहीतर उजव्या बरगडीखाली कळ धरली, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे गेली, कूस बदलूनही चैन नाही, अर्धा तास ते चार-पाच तासांनी आपोआप थांबली, ही खड्याची. नुसते ढेकर आणि गॅस खड्यामुळे असतीलच असं नाही, अशांचं ऑपरेशन होतं आणि गॅस तसाच राहतो, मला त्याचं फार वाईट वाटतं. कळ एकदा आली की ती परत यायची शक्यता जास्त, तेव्हा दुर्बिणीनं पित्ताशय काढायचं ठरवतो. आणि कुळथाचं पाणी पिऊ नका म्हणत नाही, पण ते मूत्रमार्गात जातं, पित्ताशयातल्या खड्यापर्यंत पोचतच नाही.

पोराला डेंग्यू झालाय, खडा नाही पण "भिंत ७ मिमी जाड" लिहिलंय. सर्जनकडे नेऊ का? (जळगाव)

ताई, हे सर्जनचं काम नाही. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्यानं ही भिंत फुगते आणि बरं झाल्यावर उतरते. पण झिरपणं चालू आहे याची ती खूण आहे, म्हणून पोट फार दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोरगं मलूल पडलं असेल तर लगेच ॲडमिट करा.

बाकी भिंत ३ मिमीपर्यंत नॉर्मल, पण ती उपाशीपोटी मोजलेली पाहिजे. चोपड्याच्या एका पेशंटच्या रिपोर्टवर ५ मिमी आणि सूज लिहिलं होतं, घरचे घाबरून आले. विचारलं तर सकाळी पोहे-चहा घेऊन गेल्या होत्या. खाल्लं की पित्ताशय आकसतं न भिंत जाड दिसते. दुसऱ्या दिवशी ८ तास उपाशी ठेवून परत केली, २ मिमी. खडा आहे, भिंत जाड आहे, प्रोब दाबला की तिथंच दुखतंय, ताप आहे आणि कळ ६ तास झाले तरी थांबत नाही, असं सगळं जुळलं तर ती खरी सूज, मग ॲडमिट करून बहुधा त्याच मुक्कामात ऑपरेशन.

सातवा महिना आहे, पित्ताशयात गाळ म्हणतात. बाळाला धोका? (नंदुरबार)

नाही बेटा. गरोदरपणात पित्ताशय सुस्त होतं न पित्त साचून घट्ट होतं. खड्यामागे काळी सावली पडते, गाळामागे पडत नाही आणि कूस बदलली की तो हळूहळू सरकतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो, तीनेक महिन्यांनी परत बघू. मधेच डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता निघायचं.